साडेसातच्या आधीची पाच मिनिटं

शॉर्टवेव्हवर एखादं अनोळखी स्टेशन लागलं आणि ते कोणत्या देशाचं हे ओळखायचं असेल, तर कार्यक्रमाच्या मधोमध ऐकून फारसं काही हाती लागत नाही. ऐकायची असतात ती प्रसारण सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. परदेशी सेवा बहुधा जागतिक प्रमाणवेळेच्या तासाच्या ठोक्याला सुरू होतात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिकडे चौदा वाजले की इथे संध्याकाळचे साडेसात होतात. म्हणून सात पंचवीसलाच रेडिओ लावून बसावं.

ट्रान्समीटर सुरू झाला की आधी नुसती खरखर दबते. मग एक छोटी धून पुन्हा पुन्हा वाजू लागते. दूरच्या श्रोत्याला योग्य जागी काटा स्थिर करता यावा, म्हणून ती वाजवतात. शब्द विरून जातात तिथेही ओळखीची सुरावट कानाला सापडते. आकाशवाणीची शिवरंजनीतली धून आठवा. मुंबईत आश्रयाला आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी ती बांधली आणि दोन-तीन स्वरांतच ती ओळखू येते.

भाषेवर मात्र एकट्याने विसंबू नये. समजा, कोरियन ऐकू आली. कोरियन भाषेत चीन आणि जपानही कार्यक्रम करतात, आणि कोरिया तर दोन आहेत. इथे धून कामी येते. उत्तर कोरियाचं स्टेशन किम इल सुंग यांच्यावरच्या गीताची धून वाजवतं. त्यानंतर स्टेशनचं नाव येतं आणि मग राष्ट्रगीत. त्यांच्या इंग्रजी सेवेत ‘व्हॉइस ऑफ कोरिया’ एवढंच नाव सांगतात, ‘उत्तर’ हा शब्द येतच नाही. नवखा श्रोता इथे हमखास फसतो आणि वहीत दक्षिण कोरिया लिहून मोकळा होतो. दक्षिणेचं स्टेशन स्वतःला ‘केबीएस वर्ल्ड रेडिओ’ म्हणवतं. 2002पूर्वीची ध्वनिमुद्रणं ऐकत असाल, तर उत्तरेचं नाव ‘रेडिओ प्योंगयांग’ असं ऐकू येईल.

नेमकं नावाच्या क्षणी आवाज बुडाला तर घाई करू नये. कार्यक्रम संपतानाही बहुधा नाव सांगतात. तोवर तोच कार्यक्रम दुसऱ्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर स्वच्छ लागतो का, ते पाहावं. माझा अनुभव असा, की हा उपाय महागड्या अँटेनापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो.

एवढं करूनही कळतं ते प्रसारण कोणाचं हे, लहरी निघाल्या कुठून हे नव्हे. जर्मनीच्या डॉईच वेलेचे कार्यक्रम कित्येक वर्षं श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीहून प्रसारित होत. बीबीसी आजही अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून आफ्रिकेसाठी बोलते. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा: एक स्टेशनच्या देशाचा, दुसरा ट्रान्समीटरच्या जागेचा. दुसरा रकाना वेळापत्रक पाहूनच भरा, आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ही वेळापत्रकं बदलतात हे लक्षात ठेवा.