घटस्थापनेला पहिली जाहिरात

दिवाळीचा फराळ विकणाऱ्या घरगुती उद्योगाचं प्रचाराचं वेळापत्रक उलट्या दिशेने मांडावं लागतं. लक्ष्मीपूजनाची तारीख हलत नाही. परदेशी पार्सलला प्रवास आणि कस्टम्सचे दिवस लागतात, म्हणून ती नोंदणी दसऱ्यालाच बंद केलेली बरी. गावातली नोंदणी वसुबारसेच्या चार दिवस आधी थांबवावी, कारण कढई एका दिवसात ठरावीक किलोच चकली तळते. मागे मोजत गेलं की जाहिरातीचा पहिला दिवस घटस्थापनेला येतो. पितृपक्षात पुष्कळ घरी नवी खरेदी टाळतात. तो पंधरवडा फोटो काढायला आणि मजकूर पक्का करायला उत्तम.

मजकुराच्या मंजुरीत घाई झाली की गोंधळ ठरलेला. एका फराळ-डब्याच्या जाहिरातीचं उदाहरण घेऊ. ओळ सुरेख आहे: ‘सगळा फराळ साजूक तुपातला’. पण चकली आणि शेव तेलात तळलेली! म्हणून मजकूर आधी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईंनी वाचावा, मग हिशेब पाहणाऱ्याने वजन, दर आणि कुरिअरचा खर्च ताडून बघावा. शेवटचा होकार एकाच व्यक्तीचा आणि लेखी असावा, प्रसिद्धीच्या दोन दिवस आधी. त्यानंतर एक आकडा जरी बदलला तरी कागद पुन्हा त्याच वाटेने फिरला पाहिजे. अर्ध्या किलोचा दर एक किलोच्या फोटोवर जातो, तो बहुधा अशा शेवटच्या दुरुस्तीतच.

आता पैसे. समजा, हाताशी 60,000 रुपये आहेत. फोटो आणि छपाईला 9,000 गेले. पहिल्या आठवड्यात 12,000 फक्त चाचणीसाठी: निम्मे इन्स्टाग्रामवर, निम्मे वर्तमानपत्रातून घरोघरी जाणाऱ्या पत्रकांवर. दोन्हीकडे सवलतीचा कोड वेगळा. इन्स्टाग्रामच्या कोडवर 40 ऑर्डरी आल्या, म्हणजे एका ऑर्डरीमागे 150 रुपये पडले. पत्रकांवर 15 आल्या, म्हणजे प्रत्येकी 400. सामान, मजुरी आणि पॅकिंग वजा जाता एका डब्यामागे 300 रुपये सुटत असतील, तर पत्रकं तोट्यात दिसतात.

पण लगेच पत्रकं बंद करू नयेत. पत्रक फ्रिजवर लावून आठवड्याने फोन करणाऱ्या आजी कोड सांगत नाहीत. प्रत्येक फोनवर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ एवढं विचारून वहीत नोंदवलं, तर चित्र बदलू शकतं. वहीत आणखी 10 ऑर्डरी पत्रकांच्या निघाल्या, तर खर्च 240 वर येतो आणि पत्रकं टिकतात. या नोंदी रोज संध्याकाळी व्हायला हव्यात. दिवाळीनंतर केलेला हिशेब त्या हंगामाच्या कामाचा नसतो.

मग उरलेल्यातले 27,000 मधल्या दोन आठवड्यांत, सरस ठरलेल्या माध्यमाकडे झुकतं माप देऊन खर्च करावेत. शेवटचे 12,000 मात्र राखून ठेवावेत आणि कढईला जागा उरली असेल तरच काढावेत. ऑर्डरी भरल्या असतील तर चालू जाहिरातही त्याच दिवशी थांबवावी, नाहीतर पैसे देऊन आणलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची वेळ येते.