हातघडणीची साखळी की मशीनची? फरक टाक्यात असतो

निकाहाला चार दिवस राहिले होते आणि नवरीच्या मोठ्या बहिणीची सोन्याची चेन तुटली. वडनेरच्या त्या घरात आम्ही बसलो होतो तेव्हा दोन साखळ्या समोर आल्या. एक दादीची, जुनी, हाताने घडवलेली. दुसरी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, मशीनची, चकचकीत. दादीच्या साखळीला आजवर दोनदा टाका मारून झाला, तरी ती वापरात आहे. नवी चेन मात्र एका कारागिराने जोडून दिली आणि जोडाजवळच्या चार-पाच कड्या काडीसारख्या ताठ झाल्या. "सोनं तर दोन्ही बावीस कॅरेट, मग असं का?" हा त्या घरातला प्रश्न. या लेखात त्याचंच उत्तर आम्ही देत आहोत. वडनेरकरांना मोठ्या खरेदीसाठी हिंगणघाट, वर्धा नाहीतर नागपूरची इतवारी गाठावी लागते. तिथे दुकानात बसल्यावर काय विचारायचं, हे घरूनच माहीत असलेलं बरं.

टाका म्हणजे काय

हातघडणीत कारागीर सोनं मुशीत आटवतो, त्याची कांडी करतो आणि ती लहान-मोठ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून तार काढतो. तार सळईवर गुंडाळून कापली की कड्या मिळतात. एकेक कडी दुसरीत अडकवायची, तोंडं जुळवायची, त्यावर टाकणखार लावून डाखेचा बारीक तुकडा ठेवायचा आणि ज्योत द्यायची. डाख म्हणजे जोडकामाचं सोनं. त्यात तांबं, चांदी वगैरे मिसळलेलं असतं, कारण ते दागिन्याच्या सोन्याआधी वितळलं पाहिजे. नाहीतर जोडता जोडता कडीच वितळायची.

मशीनच्या चेनमध्ये कारागीर कडीला हात लावत नाही. बऱ्याचदा तारेच्या पोटातच डाखेचा बारीक धागा भरलेला असतो. मशीन कड्या विणतं, मग चेन भट्टीतून जाते आणि आतली डाख तोंडाशी येऊन शेकडो टाके एकदम बसतात. म्हणून मशीनचा टाका डोळ्यांना दिसत नाही. हातघडणीत भिंगाखाली जोडाची रेघ दिसते, कधी तिचा रंग किंचित वेगळा असतो आणि दोन कड्या अगदी सारख्या नसतात. तो दोष नाही, ती हाताची खूण आहे.

जुन्या सोन्यात घट का निघते

हातघडणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समजा, 10 ग्रॅमची बावीस कॅरेटची साखळी आहे. सगळं सोनं 91.6 टक्के शुद्ध असतं तर त्यात 9.16 ग्रॅम शुद्ध सोनं निघालं असतं. पण समजा त्यातली 0.6 ग्रॅम डाख आहे आणि ती 60 टक्केच शुद्ध आहे. मग आटवल्यावर शुद्ध सोनं भरतं सुमारे 8.97 ग्रॅम. जवळपास 0.2 ग्रॅमचा फरक पडला आणि तोही कोणी फसवणूक न करता, फक्त टाक्यांमुळे. जितके टाके जास्त, तितकी घट जास्त.

यावर उपाय म्हणून के.डी.एम. आलं. त्या डाखेत कॅडमियम थोडंसंच घालावं लागतं, त्यामुळे जोडाची शुद्धता दागिन्याइतकी राहते. पण कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे, म्हणून भारतीय मानक ब्युरोने त्याला मनाई केली. आता त्याऐवजी जस्त, इंडियमसारखे धातू वापरतात. तेव्हा "के.डी.एम. आहे" हे आज खात्रीचं वाक्य राहिलेलं नाही. हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एच.यू.आय.डी. पाहावा. तो नंबर बी.आय.एस. केअर ॲपवर टाकून तपासता येतो.

वजन कमी, पण कशामुळे

मशीनचा माल हलका असतो, हे खरं. पण हलकेपणाची कारणं दोन. एक म्हणजे बारीक पण भरीव तार. दुसरं म्हणजे पोकळ नळी. दोन्हींत मोठा फरक आहे.

सव्वादोन मापाची बांगडी घेऊ, कडं 2 मिलीमीटर जाड. भरीव असेल तर एक बांगडी सुमारे 10 ग्रॅम भरते. तीच पोकळ असेल आणि नळीची भिंत 0.15 मिलीमीटर असेल, तर 3 ग्रॅमच्या आतच होते. हातात घातल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. हॉलमार्क दोन्हींवर असू शकतो, कारण हॉलमार्क शुद्धता सांगतो, भिंत किती जाड आहे ते सांगत नाही. पोकळ बांगडी दारावर आपटली की चेपते आणि आतून वर काढता येत नाही.

दुरुस्तीत काय बिघडतं

त्या तुटलेल्या चेनकडे परत येऊ. ती बारीक, दाट विणीची होती. कारागिराने एका कडीला ज्योत दिली, पण सोनं उष्णता लगेच पसरवतं. शेजारच्या कड्याही तापल्या, वितळलेली डाख त्यांच्या फटीत शिरली आणि त्या एकमेकींना चिकटल्या. दादीच्या साखळीत कड्या मोठ्या आणि सुट्या, म्हणून ज्योत एकीवरच राहिली.

चेन पोकळ असती तर आणखी वाईट झालं असतं. पातळ भिंत ज्योतीत क्षणात विरघळते आणि भोक पडतं. शिवाय जोडल्यावर मैल काढायला दागिना सौम्य तेजाबात टाकतात. ते पोकळीत शिरलं की धुऊन निघत नाही, पुढे डाग पडतात. अशा चेनसाठी लेझरने टाका मारणारा शोधावा. लेझरची उष्णता टोकाएवढ्या जागेतच राहते आणि बहुधा वेगळी डाखही लागत नाही. भरीव मशीन-चेन असेल तर मोडकी कडी काढून नवी घालण्याचा मार्गही आहे.

चकाकीचंही तसंच. मशीनच्या चेनवरचे लखलखते पैलू हिऱ्याच्या टोकाने कापलेले असतात. घासून ते बोथट झाले की गावचा कारागीर पॉलिश करून देईल, पण पैलू परत कापायचं मशीन त्याच्याकडे नसतं. पॉलिशमध्येही थोडं सोनं जातंच. साध्या हातघडणीच्या दागिन्याला मात्र परत तशीच झळाळी आणता येते.

मग घ्यायचं काय

कधीतरी घालायचे कानातले, नक्षीचा हार, यांत मशीनचा हलका माल परवडतो. रोज गळ्यात राहणारी चेन, लच्छा, हातातले कंगन भरीवच घ्यावेत, मशीनचे असोत की हाताचे. दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात. भरीव की पोकळ? तुटली तर दुरुस्ती कोण आणि कशी करणार? परत घेताना वजनात किती घट धरणार? उत्तरं बिलावर लिहून घ्यावीत.

त्या घरातली चेन शेवटी नागपूरला गेली. ताठ झालेला तुकडा कापून टाकावा लागला, चेन अर्धा इंच आखूड झाली. निकाहात मोठ्या बहिणीने दादीची साखळी घातली.