पहिला नमस्ते आणि हजेरीची वही

बांधकामाच्या साइटवर नव्या कामगाराची सुपरवायझरशी पहिली भेट दोन-तीन मिनिटांत आटोपते. पण तेवढ्यात तो कोणाच्या टोळीतला, त्याच्या हाताला कोणतं काम येतं आणि त्याचं नाव कोणत्या वहीत चढणार, हे ठरून जातं. त्याला आणलेलं असतं गावाकडच्या मुकादमाने, मजुरी देणार असतो ठेकेदार. रोजची हजेरी मात्र सुपरवायझर मांडतो. दिवस पूर्ण धरायचा, अर्धा धरायचा की खाडा लावायचा, हे त्याच्या पेनावर असतं. म्हणून हा पहिला नमस्ते कामगार फार जपून करतो.

समजा, झारखंडच्या पश्चिम सिंहभूम जिल्ह्यातला एक सळई फिटर पुण्याला निघाला आहे. चक्रधरपूरला आझाद हिंद एक्सप्रेस पकडायची आणि पुणे स्टेशनवर उतरायचं. मुकादम त्याला हिंजवडीजवळच्या एका साइटच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये आणून सोडतो. सकाळी गेटवर नाव लिहून हेल्मेट घेतल्यावर सुपरवायझर समोर येतो. तो लातूरकडचा, डिप्लोमा करून आलेला पंचविशीतला मुलगा आहे. फिटर चाळिशीचा आहे. गावात एवढ्या वयाच्या पोराने आधी त्याला ‘जोहार’ केला असता. इथे तोच थोडा वाकतो आणि म्हणतो, “नमस्ते, सर.”

“किसका आदमी?” हा पहिला प्रश्न. फिटर मुकादमाचं नाव सांगतो. हे नाव आधी येणं गरजेचं असतं, कारण एकाच साइटवर सळईच्या दोन-तीन टोळ्या असतात आणि चुकीच्या वहीत लागलेली हजेरी पुढे हिशेबाला सापडत नाही.

“फिटर है या हेल्पर?” हा दुसरा प्रश्न. दोघांच्या दरात बराच फरक असतो, त्यामुळे खरी कसोटी इथे लागते. नुसतं ‘फिटर’ म्हणावं आणि पहिल्याच दिवशी हात कच्चा दिसला, तर नाव हेल्परच्या रकान्यात जातं आणि पुढे तिथून वर काढणं अवघड असतं. गप्प राहावं तर हेल्परच धरतात. फिटर म्हणतो, “कॉलम का रिंग बांधता हूँ, सर.” दर तो काढत नाही. दराचं बोलणं मुकादमाशी झालेलं असतं आणि त्याला डावलून सुपरवायझरशी बोललं, तर ज्याच्या भरवशावर एवढ्या लांब आलो तोच दुखावतो.

सुपरवायझर त्याला एका कॉलमपाशी नेतो. उभ्या सळया लागलेल्या असतात, रिंगा खाली पडलेल्या असतात. फिटर कमरेचा हूक काढतो. रिंगेची दोन टोकं जिथे मिळतात, तिथे ती १३५ अंशांत कॉलमच्या आत वळलेली हवीत. नुसती काटकोनात वळवली, तर भूकंपाच्या हादऱ्यात वरचं काँक्रीट सुटतं आणि रिंग उघडते. हातात आलेली एक रिंग काटकोनातच वळलेली असते. ती तो बाजूला ठेवतो. पहिल्या रिंगेचं तोंड एका कोपऱ्यात ठेवलं, तर पुढच्या रिंगेचं दुसऱ्या कोपऱ्यात फिरवतो, म्हणजे सगळी तोंडं एका ओळीत येत नाहीत. सुपरवायझर ती बाजूला ठेवलेली रिंग उचलून पाहतो आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘फिटर’ लिहितो. अशा वेळी बोलण्यापेक्षा हात जास्त सांगतो, हे दोघांनाही माहीत असतं.

आता आधार कार्ड. फिटर झेरॉक्स पुढे करतो, मूळ कार्ड खिशातच राहू देतो. ते मुकादमाकडे किंवा ऑफिसात ठेवून घेतलं, तर काम सोडून जाणं कठीण होतं. मग तो एकच विनंती करतो, “सर, नाम आज से लिख दीजिए.” या विनंतीला फार अर्थ आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची, तर वय १८ ते ६० च्या दरम्यान हवं आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. ते दिवस दाखवायला हजेरीची नोंद उपयोगी पडते. नाव आठवडाभर उशिरा चढलं, तर तेवढे दिवस कागदावर उरत नाहीत.

एक गोष्ट मात्र या भेटीत विचारता येत नाही आणि नुकसान तिथेच होतं. संध्याकाळी आणखी चार तास थांबवलं, तर अनेक साइटवर दीड हजेरी लावतात. कायद्याने जादा तासांचा दर दुप्पट आहे, म्हणजे आठ तासांच्या हजेरीवर चार तास जादा झाले की दोन हजेऱ्यांचे पैसे व्हायला हवेत. पहिल्या दिवशी हे काढणारा माणूस ‘कटकटीचा’ ठरतो, म्हणून जुने कामगार आपल्याकडच्या छोट्या डायरीत रोजचे तास लिहून ठेवतात. आठवड्याची खर्ची मिळते त्या दिवशी ही डायरी आणि सुपरवायझरची वही शेजारी ठेवली, की नाव कोणत्या रकान्यात आहे आणि कोणता दिवस गळला आहे, ते कळतं. चूक त्याच दिवशी दाखवली तर सहसा दुरुस्त होते. गावी परतताना अखेरच्या हिशेबाच्या वेळी मात्र तो सुपरवायझर बहुधा दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.