मोडी कुलकागदांचे भाषांतर

खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) वतनदार घराण्यांच्या दप्तरांत मोडी कागद मोठ्या प्रमाणावर आढळतात. त्यांची छायाचित्रे घेऊन वाचकाकडे पाठविण्याची व आलेल्या भाषांतरावरून वंशावळ जुळविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आल्यापासून अशा वाचनावर जातप्रमाणपत्रांचे दावेही अवलंबून राहू लागले.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नाही, अनुस्वार पुष्कळदा गळतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळे शब्द कोठे तोडावयाचे हा निर्णय वाचकाचाच असतो. म्हणून नुसते भाषांतर पुरेसे नाही. ओळीस ओळ दिलेले बाळबोध लिप्यंतर सोबत असेल तरच त्याची पडताळणी करता येते.

सर्वांत घातक चुका कालनिर्णयात होतात. पुढील उदाहरण कल्पित आहे. एका महजरात ‘रामा वलद हरी पाटील, मौजे पिंपरी’ हा साक्षीदार आहे व वर्ष ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ असे दिले आहे. तिसा म्हणजे ९, अशर १०, मयातैन २०० व अलफ १०००, एकूण १२१९. हा सुहूर सन मानल्यास मृगाच्या आरंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ व त्यानंतर ६०० मिळवावे लागतात. म्हणजे काळ १८१८-१९, खानदेशातील इंग्रजी अमलाचे पहिले वर्ष. भाषांतरकाराने तो फसली समजून ५९० मिळविले, तर १८०९ हे वर्ष येते. आता दुसऱ्या कागदावरून याच नावाचा पुरुष शके १७३४ (१८१२) मध्ये वारल्याचे दिसते. १८०९ धरल्यास साक्षीदार हाच ठरू शकतो. १८१८ धरल्यास तो त्याचा नातू असण्याचा संभव अधिक, कारण आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल होती. एका बेरजेने वंशावळीतील दोन पिढ्या नाहीशा होतात! कागदात संवत्सराचे नाव असल्यास प्रश्न सुटतो: बहुधान्य असेल तर शके १७४०, शुक्ल असेल तर शके १७३१.

‘वलद’ व ‘बिन’ म्हणजे अमक्याचा पुत्र, ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी. ‘पाटील’ येथे हुद्दा आहे, आडनाव नव्हे. ‘भाऊ’ हा चुलतभाऊही असू शकतो. पिंपरी नावाची गावे अनेक असल्याने परगण्याचे नाव वाचल्याशिवाय गाव निश्चित करू नये.

छायाचित्रात कागदाच्या चारही कडा, पाठ, शिक्का व मापपट्टी यावी. लांब कागद अनेक बंद चिकटवून केलेला असतो व सन बहुधा मायन्याजवळच असतो; म्हणून तुकड्यांची छायाचित्रे एकमेकांवर थोडी चढवून घ्यावीत व त्यांना क्रमांक द्यावेत. पुसट अक्षरांसाठी तिरपा प्रकाश उपयोगी पडतो. वाचता न आलेले स्थळ चौकटी कंसात रिकामे सोडणारा वाचक, सर्वच वाक्ये गुळगुळीत करून देणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह समजावा.