भरतीचं मैदान आणि नडगीचं हाड

पोलीस भरतीची जाहिरात आली की महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांची पहाट बदलते. शाळेच्या मैदानावर, कॅनॉलच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या टेकडीवर अंधारातच मुलं-मुली पळायला लागतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर पळायचं असतं, मुलींना 800 मीटर. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक आहेच. धास्ती असते ती लांबच्या धावेची. तीन-चार आठवडे जातात आणि गटातलं कुणीतरी पळता पळता थांबून नडगी चोळत बसतं. ‘शिन पेन’ हा शब्द भरतीच्या पोरांमध्ये चांगलाच रुळला आहे. इलाजही ठरलेले असतात. बाम लावायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचं, दुखणं थांबवणारी गोळी घ्यायची आणि ‘पळत राहा, पाय आपोआप मोकळा होईल’ हा मित्रांचा सल्ला ऐकायचा.

यातला शेवटचा सल्ला सगळ्यात महागात पडतो, कारण दुखत असतं ते बहुतेक वेळा हाड. पळणाऱ्याला वाटतं, स्नायू आखडलाय.

नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर, हाडाच्या खालच्या भागात पसरलेलं हे दुखणं म्हणजे हाडावर पेलवण्यापलीकडे ताण पडल्याची खूण. हाडावरच्या आवरणाला सूज येते म्हणून दुखतं, असं पूर्वी मानलं जाई. पुढे स्वीडनमध्ये अशा खेळाडूंच्या नडग्यांची घनता मोजली, तेव्हा नेमक्या दुखऱ्या भागात हाड विरळ झालेलं आढळलं. दुखणं बरं झाल्यावर तीच घनता पुन्हा भरून आली होती.

हे विरळ होणं समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. पळताना नडगीचं हाड दर पावलाला किंचित वाकतं. रोज असं वाकवलं की शरीर त्याला जास्त मजबूत करायला घेतं, पण ते काम रस्त्याच्या दुरुस्तीसारखं चालतं: आधी उखडायचं, मग भरायचं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत आपलं काम उरकतात. नवं हाड घालणाऱ्या पेशी मागून येतात आणि सावकाश चालतात. एक फेरी पूर्ण व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दम टिकायला लागलेला असतो आणि मांड्या साथ देत असतात, नेमकं तेव्हाच नडगीचं हाड सुरुवातीपेक्षा थोडं कच्चं असू शकतं. दम वाढला म्हणून पोरगं अंतर वाढवतं, वेग वाढवतं. हाड अजून तयार नसतं.

सैन्यात हे फार जुनं दुखणं आहे. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातल्या नव्या रिक्रूटांची दहा आठवड्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणात पाहणी केली, तेव्हा सुमारे 35 टक्क्यांना नडगीचा हा त्रास झाला आणि मुलींमध्ये त्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त निघालं. धडधाकट, वैद्यकीय तपासणीतून निवडलेली ही तरुण मंडळी होती. भरतीच्या पोरांची गत वेगळी असायचं कारण नाही.

भार कमी करायचा, तर तो येतो कुठून हे आधी पाहिलं पाहिजे. बहुतेकांना वाटतं, पाय जमिनीवर आपटतो तिथूनच. पळताना जमिनीकडून येणारा रेटा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट असतो, हे खरं. पण नडगीच्या हाडावरचा सगळ्यात मोठा दाब पाय टेकताक्षणी येत नाही. तो थोड्या वेळाने, अंग पावलावरून पुढे सरकताना येतो, कारण तेव्हा पोटरी जोर लावून टाच उचलायला घेते आणि तिची ओढ हाडाला दाबते. दोन्ही मिळून हा दाब वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही वर जातो. म्हणूनच नुसता मऊ बूट घेऊन प्रश्न सुटत नाही. वेग वाढवला की पोटरीला जास्त जोर लावावा लागतो आणि हाडाला तो सोसावा लागतो. चढावर पोटरीचं काम आणखी वाढतं. पोटरी थकली तर हाड वाकण्याचं प्रमाणही वाढतं.

आता भरतीच्या तयारीत हमखास दिसणारं एक वेळापत्रक घेऊ. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आहे, कॉलेजनंतर खेळ सुटलेला. पहिल्या दिवसापासून तो रोज तीन किलोमीटर पळतो. दुसऱ्या आठवड्यात रोज टाइम लावून 1600 मीटर जोरात मारतो. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी टेकडी जोडतो आणि रविवारी मित्रांबरोबर एकदम आठ किलोमीटरची फेरी काढतो. चौथ्या आठवड्यात नडगी बोलायला लागते. पहिल्या फेरीला दुखते, अंग तापल्यावर थांबते, घरी येऊन बसलं की पुन्हा ठणकते. अंग तापल्यावर दुखणं जातं, याच गोष्टीमुळे तो फसतो आणि पळत राहतो.

त्याची चूक कुठे झाली? आठवड्याचं एकूण अंतर हळूहळू वाढवा, दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नको, हा नियम सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे 532 नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली. एका गटाला 13 आठवड्यांचा सावकाश कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नेहमीचा 8 आठवड्यांचा. दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जखमी झाला. सावकाशपणा वाया गेला असं नव्हे, पण आठवड्याची बेरीज तेवढी सांभाळून भागत नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2025 साली पाच हजारांवर धावपटूंच्या नोंदी पाहिल्या. गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या, आणि अंतर एकदम दुपटीच्या वर नेलं तर धोकाही दुपटीच्या पुढे गेला. त्या पाहणीत सगळ्या प्रकारच्या दुखापती धरल्या होत्या, फक्त नडगीच्या नव्हेत. तरीही आपल्या मुलाची रविवारची आठ किलोमीटरची फेरी या आरशात पाहण्याजोगी आहे. रोज तीन पळणाऱ्याने एका सकाळी आठ मारले, तेही रोजच्या जोरदार 1600 मीटरच्या जोडीला.

म्हणून त्याच्या वेळापत्रकात पहिल्यांदा दोन गोष्टी सुटायला हव्यात, रोजचा टाइम आणि रविवारची उडी. पहिले सहा-आठ आठवडे एक दिवसाआड पळावं, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणं. दम तिथेही वाढतो आणि नडगीला सुट्टी मिळते. जोरदार धाव त्यानंतर आणावी, तीही आठवड्यातून एकदा, आणि पूर्ण 1600 मीटरऐवजी दोनशे-दोनशे मीटरच्या तुकड्यांत. टेकडी सगळ्यात शेवटी.

पावलाची लांबी हा भार कमी करण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. नवशिका पाय लांब फेकतो. पावलं जरा आखूड करून मिनिटाला जास्त टाकली, तर दर पावलाचा भार घटतो. पावलांची संख्या वाढते, पण हाडाचं नुकसान पावलांच्या संख्येपेक्षा प्रत्येक पावलाच्या जोराने जास्त होतं, त्यामुळे हिशेब फायद्याचाच राहतो. मोजायची रीत सोपी आहे. नेहमीच्या वेगात पळताना उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. चाळीस आले तर मिनिटाला 160 पावलं. वेग न वाढवता ती 168 ते 172 वर आणायची, म्हणजे पाच ते आठ टक्के वाढ. एकदम 180 च्या मागे लागलं तर पोटरी वेगळीच कुरकुर करते.

पोटरी दमदार असेल तर ती उशिरा थकते. पायरीवर उभं राहून टाचा उचलण्याचा व्यायाम एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून करावा. वाकवलेल्या गुडघ्याने पोटरीतला खोलवरचा, पळताना सर्वांत जास्त राबणारा स्नायू कामाला लागतो. पळण्याआधी पाय ताणण्याकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. ऑस्ट्रेलियाच्या लष्करातल्या 1538 रिक्रूटांवर त्याची चाचणी झाली आणि ताणणाऱ्या व न ताणणाऱ्या गटांत दुखापतींचा म्हणावा तसा फरक दिसला नाही. पावलाचा ठसा पाहून बूट ठरवण्याचंही तसंच. अमेरिकन लष्करी प्रशिक्षणातल्या अभ्यासांत त्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. झिजलेला बूट बदलावा, पायाला न रुतणारा घ्यावा. महाग घेतलाच पाहिजे असं नाही.

दुखणं सुरू झालंच असेल तर आधी बोटाने तपासावं. नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर दोन-दोन बोटांनी दाबत जावं. पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर तो वर सांगितलेला ताण. एकाच जागी, अंगठ्याने झाकता येईल इतक्या ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी आणि अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर दिसत नाही असं अनेकदा होतं, म्हणून एक्स-रे चांगला आला एवढ्यावर पळायला सुरुवात करू नये. एमआरआयमध्ये ती कळते. पळताना ठराविक वेळाने पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर पडत असेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ओसरत असेल, तर तो तिसराच आजार, स्नायूंच्या कप्प्यातल्या दाबाचा. त्यासाठीही डॉक्टरच हवेत. मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली असेल तर तेही डॉक्टरांना न संकोचता सांगावं, कारण कमी खाऊन जास्त पळणाऱ्या शरीरात हाडाची भरणी मागे पडते.

पसरलेल्या दुखण्यावर इलाज आहे, पण तो लांबचा आहे. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत खेळाडूंचे तीन गट केले. तिघांनाही पळणं टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगितलं. एकाला जोडीला व्यायाम दिले, एकाला घट्ट मोजे. तिन्ही गटांना 18 मिनिटं सलग, दुखल्याशिवाय पळायला सरासरी सुमारे साडेतीन महिने लागले. हाड भरण्याचा वेळही साधारण तेवढाच. सुरुवात अर्धा तास भरभर चालण्यापासून करावी. ते न दुखता जमलं की एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सात-आठ वेळा, एक दिवसाआड. पळताना दुखणं दहापैकी दोनच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखू नये. दोन्ही अटी सलग तीन वेळा पाळल्या गेल्या तरच पळण्याचं एक मिनिट वाढवावं. त्या काळात गोळी घेऊन पळू नये, कारण सकाळची ही परीक्षाच तिने खोटी ठरते.

अवघड प्रश्न उरतो तो तारखेचा. मैदानी चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे आणि नडगी दुखते आहे. पट्टा पसरलेला असेल, तर रोजचं पळणं थांबवून दम सायकलवर टिकवता येतो आणि आठवड्यातून दोनदा छोट्या, मोकळ्या धावा घेऊन 1600 मीटर निभावता येतात. दुखेल, पण नंतर सावरता येईल. कळ एकाच बिंदूवर असेल तर तपासणी होईपर्यंत मैदानावर उतरू नये. नडगीच्या पुढच्या धारेवर गेलेली चीर तर फार हट्टी असते. ती महिनोन्‌महिने जुळत नाही, जोराच्या धावेत हाड आरपार मोडू शकतं आणि काहींच्या हाडात शेवटी सळई घालावी लागते.