‘साहेबांना सांभाळलंत’ असं लिहू नका

काम फत्ते झालं की अशील पेढे घेऊन येतो, पत्र सहसा लिहीत नाही. लिहिलंच तर ‘आपण देवासारखे धावून आलात’ असं काहीतरी लिहितो. सीएला ते वाचून बरं वाटतं, पण आपण नेमकं काय बरं केलं हे त्यातून कळत नाही.

एक नमुन्याचं प्रकरण घेऊ. एसटीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी गावाकडची वडिलोपार्जित दीड एकर जमीन ३८ लाखांना विकली. पेन्शन करपात्र मर्यादेच्या आत, म्हणून विवरणपत्र भरलं नाही. ३० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर व्यवहाराची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याकडे जाते, याची त्यांना कल्पना नव्हती. दोनेक वर्षांनी कलम १४८अ ची नोटीस आली: ३८ लाखांचं उत्पन्न करआकारणीतून सुटलेलं दिसतं, खुलासा करा. मुदत थोडी. घरात झोप उडाली. मेहुण्यांचा सल्ला तयार होता, ‘कुणाला तरी भेटून मिटवून टाका.’

सीएने पहिल्या दिवशी उत्तर लिहिलंच नाही. आधी नोटिशीवरचा दस्तऐवज क्रमांक आयकराच्या पोर्टलवर तपासला, कारण बनावट नोटिसाही फिरतात. मग मुदतवाढीचा अर्ज टाकला आणि खरेदीखत, सातबारा आणि बँकेचं पासबुक मागवलं.

सगळं प्रकरण एका मुद्द्यावर उभं होतं. ग्रामीण शेतजमीन आयकर कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ता नाही, त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण ग्रामीण कशाला म्हणायचं? जवळच्या नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक आणि १ लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडची जमीन ग्रामीण. लोकसंख्या त्याहून जास्त आणि १० लाखांपर्यंत असेल तर अंतर ६ किलोमीटर, त्याच्याही वर ८. हे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजतात. गृहस्थ ठामपणे सांगत होते, ‘पाच किलोमीटर आहे, रोज सायकलने जायचो.’ सायकलचा रस्ता ओढ्याला वळसा घालून जाणारा. सीएने तिथेच सांगितलं की सरळ रेषेत अंतर २ च्या आत निघालं तर कर आणि व्याज भरावं लागेल, आणि ते साधारण किती होईल तो आकडाही कागदावर मांडून दिला.

वाईटात वाईट काय होईल हे आधी कळल्यावर माणूस जरा भानावर येतो. सरकारी दाखल्यात अंतर २.६ किलोमीटर निघालं. पालिकेची लोकसंख्या ६० हजारांच्या आसपास होती. सातबाऱ्यावर ज्वारी आणि हरभऱ्याची पीकनोंद होती, बिनशेती आदेश नव्हता. ही कागदपत्रं जोडून दोन पानांचं उत्तर गेलं आणि पुढची नोटीस काढण्याजोगं हे प्रकरण नाही, असा आदेश आला.

आता पत्र. माझ्या मते त्यात निकालापेक्षा हे मधले दिवस यायला हवेत. उदाहरणार्थ: ‘स. न. वि. वि. नोटीस आली त्या रात्री मी तुम्हाला तीनदा फोन केला. तुम्ही एकदाही “काळजी करू नका” म्हणाला नाहीत, “सातबारा घेऊन या” म्हणालात. हरलो तर किती भरावं लागेल हे तुम्ही आधीच सांगितलंत, त्यामुळे दाखला येईपर्यंतचे दिवस निभावले. मेहुण्यांच्या सल्ल्याला तुम्ही माझ्यासमोर नाही म्हणालात, तेही बरं केलंत.’ एवढं पुरे.

काही वाक्यं मात्र टाळलेली बरी. ‘तुम्ही साहेबांना छान सांभाळलंत’ हे कौतुकाने लिहिलं जातं, पण तिसऱ्याने वाचलं तर त्याचा भलताच अर्थ निघतो, आणि दोघांच्याही अंगाशी येतो. ‘तुमच्याकडे आलं की केस जिंकलीच’ हेही नको, कारण अंतर १.९ निघालं असतं तर हाच सीए, हीच मेहनत आणि तरी कर लागला असता. पत्रात पॅन किंवा रकमा लिहायचं काही कारण नाही.

असं पत्र फोटो काढून सगळीकडे पाठवण्याचा मोह अशिलाला होतो. सीए आणि वकील या दोघांच्याही व्यवसायनियमांत जाहिरातबाजीवर बंधनं आहेत, तेव्हा पाठवण्याआधी त्यांना विचारावं. एक प्रत मात्र आदेश आणि अंतराचा दाखला यांच्यासोबत स्वतःच्या फाइलला लावावी. उद्या भावाने शेजारचा तुकडा विकायला काढला तर कोणते कागद लागले होते ते त्याला तिथे सापडेल. दाखला मात्र त्याला नवा काढावा लागेल, कारण मधल्या काळात पालिकेची हद्दवाढ झाली असेल तर तेच शेत २ किलोमीटरच्या आत आलेलं असू शकतं.