तंबाखूचे विष येते कोठून?

तंबाखूचे पान कडक लागते ते निकोटिनमुळे. पण हे निकोटिन पानात तयारच होत नाही, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का?

१९४२ च्या सुमारास अमेरिकेत डॉसन यांनी कलमे बांधून पाहिली. टोमॅटोच्या खुंटावर तंबाखूचा शेंडा बांधला. पाने तंबाखूचीच आली, पण त्यांत निकोटिन जवळजवळ नव्हते. उलट तंबाखूच्या खुंटावर टोमॅटो बांधला, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरले! म्हणजे कारखाना मुळांत. माल पाण्याबरोबर वर चढतो व पानांत साठतो.

किड्याने पान कुरतडले की त्याची वर्दी मुळांपर्यंत पोचते आणि निकोटिन वाढते. शेंडा खुडल्यावर तंबाखू अधिक कडक होते, त्यात या जखमेचाही वाटा असतो.

किड्याच्या मज्जातंतूंचे निरोप जणू एका कुलपातून जातात. त्या कुलपात निकोटिन खोट्या किल्लीसारखे बसते. किडा थरथरतो, मग लुळा पडतो. म्हणून बहुतेक किडे या पानाच्या वाटेस जात नाहीत.

सगळे मात्र नव्हे. अमेरिकेतली शिंगाळी अळी हे विष विष्ठेवाटे टाकून देते, आणि आपल्याकडची पाने खाणारी अळीही तंबाखू फस्त करते. तेव्हा पानांवर भोके दिसली, की पान उलटून जरूर पाहा.